घेतले पंच्याण्णव, लिहिले शंभर

डिसेंबर १९६६ मध्ये मद्रास इंडस्ट्रियल इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने दीड कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. कंपनीचा व्यवसाय उद्योगांना कर्ज देण्याचा, आणि त्यासाठी लागणारा पैसा उभा करायला तिने स्वतःच कर्ज घ्यायचं ठरवलं होतं. रोखे घेणाऱ्याने शंभरामागे अठ्ठ्याण्णव रुपये भरायचे आणि बारा वर्षांनी पूर्ण शंभर परत घ्यायचे, असा व्यवहार होता. म्हणजे देणं दीड कोटींचं झालं, पण हातात आले त्यापेक्षा तीन लाख कमी.

कंपनीने ३० जून १९६७ ला हिशेब बंद केला आणि या तीन लाखांपैकी १२,५०० रुपये खर्च म्हणून लिहिले. हिशेब सरळ होता. तीन लाख बारा वर्षांत विभागले की वर्षाला २५,००० येतात, आणि रोखे काढून सहाच महिने झालेले असल्यामुळे त्याचे निम्मे. आयकर अधिकाऱ्याने हा खर्च नाकारला. पुढे कंपनीने सगळे तीन लाख त्याच वर्षी मिळावेत अशीही मागणी केली. वाद वर चढत गेला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९७ मध्ये लागला. तोवर रोख्यांची बारा वर्षांची मुदत संपूनही जवळजवळ दोन दशकं झाली होती.

न्यायालयासमोरचा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो, पण कर्जरोख्यांचं सगळं गणित त्यात आहे. जे तीन लाख कंपनीला मिळालेच नाहीत, तो खर्च कसा? आणि खर्च असेल तर कोणत्या वर्षाचा? न्यायालयाने सांगितलं की जादा रक्कम परत करण्याची जबाबदारी कंपनीने रोखे काढतानाच अंगावर घेतली, म्हणून तो खर्चच आहे. पण त्या पैशाचा उपयोग कंपनीला बारा वर्षं होणार आहे. सगळा भार एका वर्षावर टाकला तर त्या वर्षाच्या नफ्याचं चित्र विकृत होईल. म्हणून खर्च बारा वर्षांत विभागायचा. त्या वर्षाचे १२,५०० बरोबर ठरले.

माझ्या मते या निकालातली खरी शिकवण अशी की दर्शनी किमतीवर दिलेली सूट ही सूट नसते, ते वेगळ्या नावाने दिलेलं व्याज असतं. आपल्याकडच्या पेढ्यांना हे जुनंच ठाऊक आहे. मुदतीची हुंडी वटवायला नेली की पेढी वटाव कापून उरलेली रक्कम हातावर ठेवायची. कापलेला वटाव म्हणजे पुढच्या दिवसांचं व्याज, हे सांगावं लागत नसे. कर्जरोख्यात, म्हणजे डिबेंचरमध्ये, तेच घडतं. फक्त वटावाच्या जोडीला दरवर्षी रोख व्याजही द्यायचं असतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा पुण्याजवळ यंत्रांचे सुटे भाग बनवणारी, शेअर बाजारात नोंदणी नसलेली एक कंपनी आहे. तिला नव्या यंत्रांसाठी ९५ लाख रुपये हवे आहेत. ती प्रत्येकी शंभर रुपयांचे एक लाख कर्जरोखे काढते. व्याज वर्षाला ९ टक्के, मुदत पाच वर्षं, आणि विक्री ९५ रुपयांना. नऊ टक्के कशावर, हे इथे नीट पाहायला हवं. व्याज भरलेल्या ९५ वर मोजलं जात नाही, छापलेल्या १०० वर मोजलं जातं. म्हणजे दरसाल नऊ लाख रोख आणि पाच वर्षांनी एक कोटी परत.

कंपनी शंभराचा रोखा पंच्याण्णवला का विकते? कारण तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या कंपनीला पैसे देऊन लोकांना दहा टक्क्यांहून थोडं जास्त सुटत असेल, तर नऊ टक्क्यांचा रोखा कोणी शंभराला घेणार नाही. मग एक तर व्याज वाढवायचं, नाही तर किंमत उतरवायची. दुसरा मार्ग घेतला की दरवर्षी रोखीने द्यायचं ओझं कमी राहतं आणि उरलेला भार शेवटच्या दिवसावर जातो.

या कर्जाचा खरा दर काढला तर तो वर्षाला १०.३३ टक्के येतो. तो असा पडताळून पाहता येतो. पहिल्या वर्षी ९५ लाखांवर १०.३३ टक्क्यांनी व्याज होतं ९,८१,३५०. त्यातले नऊ लाख रोख दिले. राहिलेले ८१,३५० दिले नाहीत, म्हणून ते कर्जात मिळवले. दुसऱ्या वर्षी कर्ज ९५,८१,३५० झालं, त्यावर व्याज सुमारे ९ लाख ९० हजार. पुन्हा नऊ लाख रोख, आणि सुमारे ९० हजार कर्जात. तिसऱ्या वर्षी असे ९९ हजार चढतात, चौथ्या वर्षी १ लाख ९ हजार आणि पाचव्या वर्षी १ लाख २१ हजार. या पाच रकमांची बेरीज बरोबर पाच लाख होते आणि वहीतलं कर्ज पाचव्या वर्षाच्या शेवटी एक कोटीला येऊन टेकतं. बँकेचं कर्ज हप्त्या-हप्त्याने उतरतं, हे दरवर्षी थोडं थोडं चढतं.

मोठ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना लागू असलेली सध्याची लेखामानकं हीच पद्धत सांगतात. जुन्या पद्धतीत कर्ज पहिल्या दिवसापासून एक कोटीच लिहीत आणि पाच लाखांचा वटाव ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला ठेवून दरवर्षी एक लाख नफ्यातून कमी करत. अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना तो तक्ता आठवत असेल. हा वटाव मालमत्तेच्या बाजूला बसला तरी विकून त्याचा एक रुपयाही येत नाही, म्हणून शिक्षक त्याला आभासी मालमत्ता म्हणत. कर्ज दरवर्षी वीस लाखांच्या हप्त्याने फेडायचं असेल, तर वटाव समान न वाटता ५:४:३:२:१ या प्रमाणात वाटत. कारण पहिल्या वर्षी एक कोटी वापरायला मिळतात आणि शेवटच्या वर्षी वीसच लाख. जितका पैसा वापरला तितकं व्याज, हे तत्त्व तिथेही तेच आहे.

आता व्याजाची रोजची नोंद पाहू, कारण चुका इथेच होतात. रोखे १ ऑक्टोबरला काढले आणि व्याज दरवर्षी ३० सप्टेंबरला द्यायचं ठरलं, तर ३१ मार्चला एक पैसाही दिलेला नसतो. तरी सहा महिन्यांचं साडेचार लाख व्याज चढलेलं असतं. ते त्या वर्षाच्या खर्चात घ्यावं लागतं आणि ताळेबंदात देणं म्हणून दाखवावं लागतं. वटावाचाही सहा महिन्यांचा वाटा त्याच वर्षी टाकायचा. मद्रासच्या कंपनीने २५,००० ऐवजी १२,५०० लिहिले ते यासाठीच. व्याज देण्याचा दिवस आला की नऊ लाख सरळ रोखेधारकांच्या खात्यात जातातच असं नाही. कंपनीला मुळातून आयकर कापावा लागतो. भारतात राहणाऱ्या धारकांसाठी तो साधारणपणे १० टक्के असतो. सर्वांचा कर कापला गेला तर ८ लाख १० हजार धारकांना आणि ९० हजार सरकारजमा. कंपनीचा खर्च मात्र पूर्ण नऊ लाखच लिहायचा. कापलेला कर हा धारकाचा कर असतो, कंपनीने तो फक्त पोचवायचा असतो.

काही कंपन्यांना एक जवळची वाट सापडली होती. शेअर दर्शनी किमतीपेक्षा जास्त भावाने विकले की जादा रक्कम अधिमूल्य खात्यात, म्हणजे सिक्युरिटीज प्रीमियममध्ये, जमा होते. कंपनी कायदा त्या खात्यातून कर्जरोख्यांचा वटाव पुसून टाकायची परवानगी देतो. तसं केलं की पाच लाख नफा-तोट्याच्या पत्रकात येतच नाहीत आणि नफा तेवढा फुगलेला दिसतो. २०१३ च्या कायद्याने ठरावीक लेखामानकं पाळणाऱ्या कंपन्यांसाठी ही वाट बंद केली, आणि ते योग्यच झालं. व्याज हे व्याज म्हणूनच दिसायला हवं.

इथे शेअरशी तुलना करायला हवी. याच कंपनीने दहा रुपयांचा शेअर साडेनऊला विकून ९५ लाख उभे केले असते तर? ते तिला करता आलं नसतं. पूर्वी १९५६ च्या कायद्यात काही अटी पाळून आणि मंजुरी घेऊन शेअर सवलतीत देता येत. २०१३ च्या कायद्याच्या कलम ५३ ने ते बंद केलं. मेहनतीच्या किंवा ज्ञानाच्या मोबदल्यात कर्मचाऱ्यांना दिले जाणारे शेअर आणि कर्ज-पुनर्रचनेत कर्जाच्या बदल्यात दिले जाणारे शेअर, एवढेच काय ते अपवाद. इतर बाबतींत दर्शनी किमतीखाली दिलेला शेअर रद्दबातल ठरतो आणि घेतलेला पैसा १२ टक्के व्याजासह परत करावा लागतो. बाजारात ३०० रुपयांना मिळणारा शेअर कंपनीने जुन्या भागधारकांना हक्कभाग म्हणून २०० ला दिला, तर ही ती सवलत नव्हे. दर्शनी किंमत दहा असेल तर तो १९० रुपये अधिमूल्याने दिलेला शेअर आहे. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

एकाला परवानगी आणि दुसऱ्याला मनाई का? कर्जरोख्यात शंभर लिहून पंच्याण्णव घेतले तर कंपनी आपलं देणं जास्त लिहिते. बाहेरच्या कोणाची फसवणूक होत नाही. शेअरभांडवलाचं तसं नाही. भांडवल ही कर्ज देणाऱ्यांसाठी ठेवलेली उशी असते. तोटा आला तर आधी ती चेपली जाते, मग आपल्यापर्यंत झळ येते, या विश्वासावर लोक कर्ज देतात. दहा लिहून साडेनऊच घेतले तर उशी दिसते त्यापेक्षा पातळ निघेल. शिवाय शेअरचे पैसे कंपनीला एरवी परत करायचे नसतात. त्यामुळे सूट कोणत्या वर्षांत विभागायची, याला मुदतच नसते.

करातही हाच फरक उमटतो. व्याज नफ्याच्या आधी वजा होतं, लाभांश कर भरून उरलेल्या नफ्यातून दिला जातो. सवलतीच्या करदराचा पर्याय घेतलेली कंपनी अधिभारासह सुमारे २५.१७ टक्के कर भरते. म्हणून आपल्या उदाहरणातलं १०.३३ टक्क्यांचं कर्ज तिला करबचत धरून सुमारे ७.७ टक्क्यांना पडतं. अर्थात कर भरण्याइतका नफा असेल तर. पैसा उभारण्याच्या खर्चालाही न्यायालयांनी असंच वेगळं वागवलं. इंडिया सिमेंट्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कर्ज उभारण्याचा खर्च धंद्याचा चालू खर्च म्हणून मान्य केला. ब्रुक बाँडच्या खटल्यात १९९७ मध्ये नवे शेअर काढण्याचा खर्च मात्र भांडवली ठरवला आणि त्याची वजावट नाकारली.

कर्जाला वाईट दिवसांत एक धार असते. नफा नसेल त्या वर्षी कंपनी लाभांश देत नाही आणि भागधारक तिला न्यायालयात खेचू शकत नाही. व्याज मात्र तोट्यातही द्यावंच लागतं आणि मुदत भरली की मुद्दलही. भागधारकाला मत असतं, रोखेधारकाला नसतं. पण पैसे थकले तर रोखेधारक किंवा त्यांच्या वतीने नेमलेला विश्वस्त कंपनी न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्स या कंपनीचं २०१९ मध्ये व्याज-परतफेड थकली. रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बाजूला केलं आणि २०२१ मध्ये कंपनी पिरामल समूहाकडे गेली. रोखेधारकांना आपल्या पैशाचा काही भागच मिळाला. शेअरधारकांचे शेअर शून्य झाले.

परतफेडीची तयारी म्हणूनच कायद्यावर सोपवलेली आहे. आपली कंपनी वित्तसंस्था नाही आणि बाजारात नोंदलेलीही नाही. तिला शिल्लक रोख्यांच्या १० टक्के, म्हणजे दहा लाख, नफ्यातून परतफेड राखीव निधीत टाकावे लागतात. ऑगस्ट २०१९ पर्यंत हे प्रमाण २५ टक्के होतं. पण राखीव निधी ही वहीतली नोंद आहे. एवढा नफा लाभांश म्हणून वाटायचा नाही, इतकंच ती सांगते. तो पैसा यंत्रांत किंवा उधारीत अडकलेला असू शकतो. म्हणून दुसरी अट अशी की पुढच्या ३१ मार्चपर्यंत जेवढे रोखे फेडायचे असतील, त्यांच्या किमान १५ टक्के रक्कम चालू वर्षाच्या ३० एप्रिलपर्यंत बँकठेवीत किंवा सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित जागी गुंतवायची. इथे पंधरा लाख. उरलेले ८५ लाख कुठून येणार, हा प्रश्न कायदा सोडवत नाही. तो धंद्यातल्या रोखीनेच सुटतो, नाही तर जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज काढलं जातं. परतफेड झाली की राखीव निधीतले दहा लाख सर्वसाधारण निधीत परत जातात.

वटाव फार मोठा असला की परतफेडीचा दिवसच वादाचा होतो. गुजरात सरकारच्या सरदार सरोवर नर्मदा निगमने १९९३ मध्ये ३,६०० रुपयांना एक रोखा विकला. त्यावर दरवर्षी व्याज काहीच नाही. जानेवारी २०१४ मध्ये एकदम १,११,००० रुपये. सगळं व्याज वटावातच. हा दर वर्षाला साधारण साडेअठरा टक्के पडतो. पैसे हातात मिळत नसले तरी व्याज चढतच असतं आणि व्याजावर व्याज चढतं. पहिल्या वर्षी ते सुमारे ६६६ रुपये होतं. पंधरा वर्षांनंतर एकाच वर्षाचं व्याज साडेआठ हजारांच्या घरात गेलं, म्हणजे मूळ किमतीच्या जवळजवळ अडीचपट.

तोवर देशातले व्याजदर खूप उतरले होते. मधेच बाहेर पडण्याचा पर्याय अटींमध्ये धारकाला होता, निगमला नव्हता. २००८ मध्ये गुजरात विधानसभेने निगमला मुदतीआधी रोखे फेडण्याचा अधिकार देणारा कायदाच केला आणि जानेवारी २००९ मध्ये प्रत्येक रोख्याचे ५०,००० रुपये देऊन तो बंद केला. तोपर्यंतच्या पंधरा वर्षांचा दर कमी पडला नव्हता, हे न्यायाने सांगायला हवं. गेली ती पुढची पाच वर्षं. ५०,००० चे १,११,००० होण्यासाठी वर्षाला सतरा टक्क्यांहून जास्त दर लागतो आणि २००९ मध्ये तसा सुरक्षित रोखा कुठेच मिळत नव्हता. मुलीच्या लग्नासाठी किंवा निवृत्तीसाठी २०१४ हे वर्ष धरून ज्यांनी तो कपाटात ठेवला असेल, त्यांच्या हिशेबातून ही पाच वर्षं गेली. करार झाल्यावर एका बाजूने कायदा करून तो मोडणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

म्हणून कोणी शंभराचा रोखा पंच्याण्णवला देऊ केला, तर पाच रुपये वाचले म्हणून घेऊ नका. खरा वार्षिक दर किती पडतो ते विचारा, रोख्यामागे तारण काय आहे ते पाहा, आणि मुदतीआधी फेडण्याचा हक्क कोणाला दिला आहे ते कलम सही करण्याआधी वाचा.